विद्यार्थ्याच्या प्रेझेंटेशनचं रेकॉर्डिंग बघून फीडबॅक कसा द्यायचा: आधी नोंदी, मग मत

फायनल इयरचे प्रोजेक्ट सेमिनार सुरू झाले की गाईडकडे, सिनियरकडे, कधीकधी क्लासमधल्या मित्राकडे सुद्धा मोबाईलवर शूट केलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ येतो आणि खाली मेसेज असतो, "सर बघून सांगा ना कसं झालं". मग आपण जेवता जेवता व्हिडिओ बघतो आणि उत्तर देतो: "छान झालं, कॉन्फिडन्स वाढव, आय कॉन्टॅक्ट ठेव, स्लाईडवर मजकूर कमी कर". हे उत्तर व्हिडिओ न बघता पण देता आलं असतं. आणि त्या पोराला यातून काहीच कळत नाही, कारण कॉन्फिडन्स नक्की कुठल्या मिनिटाला गेला आणि का गेला हे आपण सांगितलेलंच नाही.

गडबड होते ती क्रमात. आपण बघतानाच मत बनवतो. बोलताना दिसणारी चूक आणि तिचं कारण बऱ्याचदा दोन वेगळ्या जागी असतात, म्हणजे पोरगी अडखळते सहाव्या मिनिटाला पण मूळ असतं स्लाईडच्या क्रमात. हे एकदा बघून सापडत नाही. म्हणून खालचा क्रम. दहा मिनिटांच्या व्हिडिओला साधारण तास-सव्वा तास धरा, आणि तेवढा वेळ नसेल तर सगळं घाईघाईत करण्यापेक्षा फक्त पहिले तीन टप्पे नीट करा.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या ग्रुपचा नमुना सेमिनार: जमिनीतला ओलावा मोजून ठिबकचा पंप आपोआप चालू-बंद करणारा प्रोजेक्ट. सेन्सर, ईएसपी३२ बोर्ड, रिले आणि छोटा पंप. बोलणारी एक मुलगी, वेळ दहा मिनिटं, स्लाईड्स सोळा.

## टप्पा १: बघायला बसण्याआधी काय मागवायचं

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आला असेल तर तो दाबून छोटा झालेला असतो, स्लाईडवरची अक्षरं पुसट होतात. ड्राईव्हवर टाकायला सांगा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि सोबत मूळ पीपीटी मागवाच, ती नसेल तर स्लाईडबद्दल बोलू नका. मोबाईलचा कॅमेरा अंधाऱ्या खोलीतला प्रोजेक्टरचा पडदा नीट पकडत नाही, पांढरी स्लाईड नुसती चकाकते आणि फिकट रंग उडून जातात. हा दोष कॅमेऱ्याचा, स्लाईडचा नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरं, व्हिडिओ पाठवणाऱ्याकडूनच: समोर कोण बसलं होतं, आणि ऐकून झाल्यावर त्यांना कुठली एक गोष्ट कळायला हवी होती? आपल्या उदाहरणात तिने लिहिलं, "आमच्या सेटअपमध्ये ओलावा ठराविक पातळीखाली गेला की पंप आपोआप चालू होतो आणि पाणी वाया जात नाही". हे वाक्य जपून ठेवा, पुढे सगळं याच्याशी ताडून बघायचंय.

इशारा: आवाज बारीक येतोय म्हणून "मोठ्याने बोल" असं लगेच लिहू नका. फोन शेवटच्या बाकावर असेल आणि वर पंखा फिरत असेल तर कुणाचाही आवाज बारीकच येणार. त्याच रेकॉर्डिंगमध्ये पुढच्या बाकावरून प्रश्न विचारणाऱ्या सरांचा आवाज कसा येतोय ते ऐका. त्यांचाही बारीक असेल तर दोष बहुतेक फोनच्या जागेचा आहे.

इशारा २: व्हिडिओ ग्रुपवर फॉरवर्ड करायचा नाही. स्वतःचं अडखळणं सगळ्या बॅचने बघितलं की पोरं पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच करू देत नाहीत.

## टप्पा २: पहिल्यांदा सलग बघा, हात बांधून

पहिल्या वेळी पॉज नाही, रिवाइंड नाही, पेन नाही, रुब्रिकचा कागद तर अजिबात नाही. एकदाच श्रोता म्हणून बसायची संधी असते, दुसऱ्यांदा बघताना तुम्हाला पुढचं माहीत असतं त्यामुळे अवघड भाग पण सोपा वाटायला लागतो.

संपलं की लगेच दोन ओळी लिहा: मला काय लक्षात राहिलं, आणि माझं लक्ष कुठे उडालं. बास. आपल्या उदाहरणात असं निघतं: "सेन्सर आहे, पंप आहे, शेतीतलं पाणी वाचवायचंय हे कळलं. पंप नक्की कधी चालू होतो ते नाही कळलं. मध्ये पार्ट्सची माहिती चालू होती तेव्हा लक्ष गेलं".

तपासा: तिने लिहून दिलेलं वाक्य आणि तुमच्या लक्षात राहिलेलं, यात काय गळालं? इथे "ठराविक पातळी" गळाली, म्हणजे मुख्य मुद्द्याचा निम्मा भागच पोचला नाही. आता पुढचं सगळं बघणं या एका प्रश्नासाठी: हे का गळालं?

## टप्पा ३: आवाज बंद करून स्लाईडचा हिशोब

आवाज म्यूट करा आणि फक्त स्लाईड कधी बदलते ते लिहून काढा. व्हीएलसी प्लेअर वापरत असाल तर `Ctrl+T` दाबून हव्या त्या वेळेवर थेट जाता येतं. एक्सेलमध्ये वेळ टाकताना एक चूक हमखास होते: `1:10` असं टाकलं की एक्सेल ते एक तास दहा मिनिटं धरतं. एक मिनिट दहा सेकंद म्हणायचं असेल तर `0:01:10` टाका, मग खालच्या ओळीतून वरची वजा केली की स्लाईडला किती वेळ गेला ते येतं:

```
=B3-B2
```

आपल्या उदाहरणाचा हिशोब असा:

| भाग | स्लाईड्स | कधीपासून कधीपर्यंत | वेळ |
|---|---|---|---|
| नाव, ग्रुप | १ | ०:०० ते ०:४० | ४० सेकंद |
| इंडेक्स | १ | ०:४० ते १:१० | ३० सेकंद |
| इंट्रोडक्शन | ३ | १:१० ते ३:३० | २ मि. २० से. |
| लिटरेचर सर्व्हे | २ | ३:३० ते ५:२० | १ मि. ५० से. |
| ब्लॉक डायग्रॅम | १ | ५:२० ते ६:०० | ४० सेकंद |
| सर्किट, पार्ट्स | ४ | ६:०० ते ८:४० | २ मि. ४० से. |
| फ्लोचार्ट | १ | ८:४० ते ९:२० | ४० सेकंद |
| रिझल्टचा आलेख | १ | ९:२० ते ९:५० | ३० सेकंद |
| फायदे, फ्युचर स्कोप | १ | ९:५० ते १०:२० | ३० सेकंद |

सोळावी स्लाईड थँक्यूची, ती धरली नाही.

हा तक्ता नुसता बघितला तरी अर्धं निदान होतं. प्रोजेक्ट कसा चालतो हे पहिल्यांदा दिसतं ५:२० ला, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ गेल्यावर. पार्ट्सची माहिती, जी कुठल्याही डेटाशीटमध्ये मिळते, तिला १६० सेकंद आणि स्वतः काढलेल्या रिझल्टला ३०. इंडेक्सची स्लाईड तर मला कधीच कळलेली नाही, दहा मिनिटांच्या बोलण्याला अनुक्रमणिका कशाला? पण बऱ्याच कॉलेजात ती फॉरमॅटमध्येच असते त्यामुळे "काढून टाक" म्हणू नका, "पाच सेकंदात पुढे जा" म्हणा.

आता मूळ पीपीटी उघडा. शेवटच्या बाकावरून वाचता येतं का हे घरी तपासायचं सोपं आहे. दोन मीटर रुंद पडदा आणि आठ मीटरवर शेवटचा बाक असेल तर अंतर रुंदीच्या चौपट झालं. लॅपटॉपवर स्लाईड फुल स्क्रीन करा आणि स्क्रीनच्या रुंदीच्या चौपट मागे सरका, साध्या १५.६ इंची लॅपटॉपला ते साधारण साडेचार फूट येतं. तिथून जे वाचता आलं नाही ते शेवटच्या बाकावरच्याला पण वाचता आलेलं नाही. फॉन्ट अमुक साईजचा हवा असल्या नियमांपेक्षा मला हे बरं वाटतं, कारण कॉपी-पेस्ट केलेल्या सर्किटच्या चित्रातल्या अक्षरांना फॉन्ट साईज नसतेच.

आणि आवाज बंद आहे तोवर एक काम उरकून घ्या. सुरुवातीचं, मधलं, शेवटचं असं कुठलंही एकेक मिनिट निवडा, दर दहा सेकंदांनी पॉज करा आणि ती त्या क्षणी कुठे बघतेय ते लिहा: पडदा, कागद, माणसं. तीन मिनिटांच्या अठरा नोंदी होतात. अठरापैकी तेरा वेळा पडद्याकडे असेल तर "आय कॉन्टॅक्ट कमी" ऐवजी तुम्ही आकडा दाखवू शकता, आणि आकड्यावर पोरं वाद घालत नाहीत. पण कुठल्या स्लाईडला पडद्याकडे बघितलं ते पण लिहा, पुढे तेच उपयोगी पडतं.

इशारा: अजून फीडबॅक लिहायचा नाही. हात शिवशिवतात, माहितीये.

## टप्पा ४: आता पडदा झाकून फक्त ऐका

लॅपटॉप उलटा फिरवा किंवा फोन पालथा ठेवा. स्लाईड दिसत नसताना कळतंय का, हे बघायचंय. "इथे तुम्ही बघू शकता", "हे असं आहे", "मग इथून तिकडे जातं" अशी वाक्यं नुसती ऐकताना लगेच पोकळ लागतात.

एक मिनिट निवडा, तेच जिथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळायला हवी होती, आणि ते शब्दनशब्द लिहून काढा. हे कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही. आपल्या उदाहरणात ५:२० पासून:

"सो हा आमचा ब्लॉक डायग्रॅम आहे. इथे सेन्सर आहे, तो कंट्रोलरला डेटा देतो, मग म्हणजे रिले आहे, रिलेला पंप कनेक्ट केलाय, तर बेसिकली असं ते वर्क करतं".

लिहून काढल्यावर दिसतं की यात सगळे भाग आहेत आणि निर्णय कुठेच नाही. किती ओलाव्याला, कोण ठरवतं, पंप बंद कधी होतो, काही नाही. पहिल्या बघण्यात "पातळी" का गळाली त्याचं उत्तर हे, ती बोललीच नव्हती. फ्लोचार्टमध्ये डायमंडच्या चौकटीत ती संख्या लिहिलेली होती, पण साडेचार फुटांवरून ती दिसत नव्हती आणि तोंडून आली नाही.

"म्हणजे", "सो", "बेसिकली" यांची नुसती बेरीज करून "४१ वेळा बेसिकली म्हणालीस" असं सांगणारे लोक असतात. त्याने पोरगी पुढच्या वेळी फक्त घाबरते. बेरजेपेक्षा ते कुठे येतात ते बघा. स्लाईड बदलल्यावर पहिल्या पाच सेकंदांत गर्दी होत असेल तर पुढची स्लाईड कुठली येणार हे तिला आठवत नाहीये, ते क्रमाचं आणि सरावाचं दुखणं आहे. एखाद्या स्लाईडच्या मधेच गर्दी होत असेल तर तो मुद्दाच तिला पक्का कळलेला नाही. दोन्हीवर औषध वेगळं.

स्पीडबद्दल सुद्धा जपून. मिनिटाला १३० ते १५० शब्द असलं जे माप सगळीकडे फिरतं ते इंग्रजी बोलण्याचं आहे. मराठीत "कंट्रोलरकडून" हा एक शब्द, त्यामुळे मराठी किंवा मराठी-इंग्रजी मिसळलेल्या बोलण्याला ते माप लावू नका. तिचं बोलणं तिच्याशीच ताडा: इंट्रोडक्शनमधलं अर्धं मिनिट आणि रिझल्टचं अर्धं मिनिट, दोन्हीतले शब्द मोजा. रिझल्टला स्पीड खूप वाढला असेल तर वेळ संपत आल्याची धावपळ आहे, आणि तिचं मूळ परत त्या १६० सेकंदांत.

तपासा: स्लाईडवरचं वाक्य आणि तिचं वाक्य जसंच्या तसं जुळतंय का? जुळत असेल आणि त्याच वेळी नजर पडद्यावर असेल तर ती वाचतेय. आपल्या उदाहरणात त्या तेरा नोंदींपैकी बहुतेक मजकुराच्या स्लाईडवरच्या निघाल्या. फ्लोचार्टला ती माणसांकडे बघून बोलते. मग हा नजरेचा प्रॉब्लेम राहिला का? नाही, स्लाईडवर पूर्ण वाक्यं लिहिल्याचा आहे. वाक्यं काढली की नजर बऱ्यापैकी आपोआप वर येते.

## टप्पा ५: समोरच्यांचं लक्ष होतं का?

कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो, श्रोते दिसत नाहीत. त्यामुळे "ऑडियन्स बोअर झाली होती" असलं काही लिहू नका, तुम्हाला ते दिसलेलंच नाहीये. दोन गोष्टी मात्र रेकॉर्डिंगमध्ये पक्क्या असतात.

पहिली म्हणजे शेवटी आलेले प्रश्न. प्रत्येक प्रश्न लिहा आणि दोन गटांत टाका. जे सांगितलं होतं किंवा सांगायला हवं होतं तेच परत विचारलं, की सांगितलेल्याच्या पुढचं विचारलं? एक्स्टर्नलने विचारलं, "पंप चालू व्हायची पातळी कुठली ठेवलीत?" हा पहिल्या गटातला, तो क्लॅरिटीचा पुरावा आहे. "काळ्या जमिनीत आणि मुरमाड जमिनीत पातळी एकच चालेल का?" हा दुसऱ्या गटातला, इथे माणूस खरंच गुंतलाय. प्रश्न किती आले यावरून लोक खूश होतात पण सगळे पहिल्या गटातले असतील तर त्यात खूश होण्यासारखं काही नाही.

तिसरा प्रश्न आला तो बघण्यासारखा आहे. आलेख दाखवताना ती म्हणते, "इथे ओलावा कमी होत गेला", आणि पडद्यावर रेषा वर चाललेली. मागून कुणीतरी: "अगं पण वाढतोय ना?" झालं असं की कपॅसिटिव्ह सेन्सर बोर्डला जो कच्चा आकडा देतो तो माती कोरडी झाली की वाढतो, आणि ग्रुपने ० ते ४०९५ मधला तोच आकडा थेट आलेखात टाकला होता. तिचं बरोबर होतं, आलेखही बरोबर होता, फक्त अक्षावर काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. नुसतं रुब्रिक घेऊन बसलेला माणूस इथे "विषयाची समज कमी" असं लिहून मोकळा होईल, आणि ते चूक ठरेल.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारल्यावर ती किती थांबते. "एनी क्वेश्चन्स?" आणि "थँक्यू" यातलं अंतर सेकंदात मोजा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या विज्ञानाच्या तासांवर काम करून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि चांगली येतात. मोठी माणसं थांबत नाहीत तर वीस वर्षांच्या पोरीकडून काय अपेक्षा, पण सांगण्यासारखी गोष्ट आहे: मनात तीन मोज. थांबताना पडद्यावरचं लक्ष काढायचं असेल तर पॉवरपॉइंटमध्ये शो चालू असताना `B` दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाईड येते.

## टप्पा ६: नोंदींतून कारणं, कारणांतून तीनच मुद्दे

आता सगळे कागद समोर. प्रत्येक नोंदीपुढे "हे कशामुळे?" लिहा आणि ज्यांचं कारण एक आहे त्यांना एकत्र बांधा. आपल्या उदाहरणात रिझल्टला झालेली धावपळ, मधे उडालेलं लक्ष आणि वीस सेकंद जास्त लागलेला वेळ, तिन्ही पार्ट्सच्या चार स्लाईडपाशी येऊन थांबतात. पडद्याकडे बघणं आणि एकसुरी आवाज, दोन्ही पूर्ण वाक्यांच्या स्लाईडपाशी. उरले पातळीचा आकडा आणि आलेखाचा अक्ष, ते एकाच मुद्द्यात बसतात: मुख्य गोष्ट तोंडाने आणि आलेखात स्पष्ट नाही.

तीनपेक्षा जास्त मुद्दे द्यायचे नाहीत. बाकीच्या नोंदी फेकू नका, पुढच्या वेळेसाठी ठेवा. स्पेलिंगच्या चुका, लोगो तिरका वगैरे वेगळ्या कागदावर, ते फीडबॅकमध्ये मिसळलं की पोरं आधी लोगो सरळ करतात आणि तेवढ्यावर थांबतात.

## टप्पा ७: लिहायचं कसं

प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी हव्यात: कितव्या मिनिटाला, काय दिसलं किंवा ऐकू आलं, त्याने ऐकणाऱ्याचं काय झालं, आणि बदल काय करायचा. बघा फरक.

नको असं: "रिझल्ट नीट एक्सप्लेन कर. प्रेझेंटेशन अजून इंटरेस्टिंग कर".

हवं असं: "९:२० ला आलेखाची रेषा वर जातेय आणि तू म्हणतेस ओलावा कमी झाला, म्हणून मागून प्रश्न आला. अक्षावर 'सेन्सरचा आकडा, जास्त म्हणजे कोरडं' एवढं लिही किंवा आकडा टक्क्यांत बदलून आलेख उलटा कर. पंप ज्या पातळीला चालू होतो तिथे एक आडवी रेघ मार आणि बोलताना आधी ती रेघ दाखव. या स्लाईडला दीड मिनिट दे, ते पार्ट्सच्या चार स्लाईडची एक करून मिळेल".

चांगलं काय झालं ते पण याच पद्धतीने, वेळेसकट: "८:४० ला फ्लोचार्ट सांगताना तू आमच्याकडे बघून बोललीस, तिथे एकदाही अडखळली नाहीस. बाकीच्या स्लाईड अशाच चित्राच्या कर". नुसतं "छान" लिहिलं तर काय परत करायचं ते तिला कळत नाही.

तपासा: तुमचं वाक्य दुसऱ्या कुठल्याही ग्रुपला जसंच्या तसं पाठवता येतं का? येत असेल तर खोडा. "नर्व्हस", "आळस", "तयारी नाही" असे मनातलं ओळखणारे शब्द पण खोडा, कॅमेऱ्यात मन दिसत नाही.

## टप्पा ८: आधी तिला बोलू द्या

लेखी फीडबॅक पाठवायच्या आधी तिला तिचा व्हिडिओ एकदा बघायला सांगा आणि तिचे दोन मुद्दे मागवा. पोरं स्वतःच्या आवाजावर आणि दिसण्यावरच अडकतात, "सर माझा आवाज किती घाण येतो" हे पहिलं वाक्य असतंच. "तो सगळ्यांनाच स्वतःचा तसाच वाटतो" म्हणून विषय पुढे न्या. मग समोरासमोर बसून फक्त दोन-तीन क्लिप दाखवा, प्रत्येकी वीस-तीस सेकंदांच्या, सगळा व्हिडिओ परत नाही. क्लिप लावून आधी तिलाच विचारा, "इथे शेवटच्या बाकावरच्याला काय कळलं असेल?" आलेखाची क्लिप लावली की बहुतेक वेळा तुम्हाला काही सांगावंच लागत नाही.

पुढचं रेकॉर्डिंग आलं की हेच तीन मुद्दे बघायचे, नवीन काढायचे नाहीत. ब्लॉक डायग्रॅम कितव्या मिनिटाला आला, रिझल्टला किती सेकंद मिळाले, आणि पातळीचा आकडा तोंडून आला का. यासाठी परत तास घालवायची गरज नाही, स्लाईडच्या वेळा लिहून काढायला आणि रिझल्टचा भाग ऐकायला पंधरा मिनिटं पुरतात.